अडकलेल्या बिलांची वही

«माझं वय ५४. गेली २७ वर्षं एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये पुरवठादारांची बिलं तपासून त्यांच्या नोंदी करते. आता नवीन सॉफ्टवेअर आलंय. ते स्कॅन केलेलं बिल स्वतःच वाचतं, ऑर्डरशी ताडून बघतं आणि नोंदही करतं. दोन महिन्यांनी ते पूर्ण लागू होणार. माझी दिवसभरात साठ-सत्तर बिलं होतात, ते तेवढी चहा संपायच्या आत करतं. त्यात साहेबांनी मला माझं सगळं काम लिहून द्यायला सांगितलंय. लिहून दिलं की माझी गरजच संपली, असं सारखं वाटतं. ट्रेनिंगमध्ये तरुण मुलं भराभर पुढे जातात, मी प्रश्न विचारायलाही कचरते. अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे आणि रात्री झोप लागत नाही. काय करू?»

ताई, माझीही सगळी नोकरी हिशेबातच गेली, म्हणून आधी जे कडू आहे ते सांगून टाकते. बिलावरचा आकडा वाचायचा आणि संगणकात भरायचा, हे काम जाणार आहे. ते परत येणार नाही. तुमच्या विभागात चार जण तेच करत असतील, तर वर्षभराने चौघं लागतीलच असं नाही. तेव्हा साठाची ऐंशी बिलं कशी होतील याच्या मागे लागू नका, त्या शर्यतीत जीव घालवण्यात अर्थ नाही.

पण तुमच्या साठ-सत्तर बिलांपैकी किती बिलं नुसती भरायची असतात आणि किती बिलांशी तुम्हाला दोन हात करावे लागतात? माझ्या टेबलावर दहातली आठ सरळ जायची आणि उरलेल्या दोघांत अर्धा दिवस जायचा. सॉफ्टवेअर त्या आठांसाठी आलंय. उरलेली दोन ते तुमच्याकडेच परत पाठवणार आहे, आणि काही वेळा पाठवायला हवी असताना पाठवणार नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुमची पुढची सहा वर्षं तिच्यावर उभी राहू शकतात.

एक बिल घेऊन बघू. ४०० नगांची ऑर्डर, दर १२५, एकूण ५०,०००. माल आला तेव्हा १६ नग फुटके निघाले, ते परत केले, म्हणून गोदामाच्या आवक पावतीवर ३८४ लिहिलेत. पुरवठादाराने बिल पाठवलं ते मात्र पूर्ण ४०० नगांचं, ५०,००० चं. सॉफ्टवेअर ऑर्डर, आवक पावती आणि बिल असे तीन कागद समोरासमोर ठेवतं. त्याला २,००० चा फरक दिसतो, म्हणजे ४ टक्के. आता हे बिल अडेल असं आपल्याला वाटतं. पण सॉफ्टवेअर बसवताना कुणीतरी ‘चालेल इतका फरक’ ठरवून दिलेला असतो. तो ५ टक्के ठेवला असेल तर बिल बिनबोभाट पास होतं. लाल खूण येत नाही, कुणाला काही विचारलं जात नाही, ५०,००० जातात. न आलेल्या १६ नगांचे पैसे आपण दिले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तुमच्या हातून हे बिल असं गेलं नसतं. हा पुरवठादार नेहमी पूर्ण बिल लावतो आणि क्रेडिट नोट मागितल्याशिवाय देत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. ते कुठल्याही ऑर्डरवर लिहिलेलं नसतं. तुम्ही गोदामात फोन केला असता, मग पुरवठादाराला, आणि बिल बाजूला ठेवलं असतं.

हा फरकाचा आकडा ठरतो कसा, तेही बघा. सॉफ्टवेअर बसवणारी माणसं हुशार असतात, पण तुमचे पुरवठादार त्यांना ठाऊक नसतात. बऱ्याचदा आधीपासून भरलेला आकडाच तसा राहतो, कारण बैठकीत ‘चालेल ना?’ विचारल्यावर सगळे मान डोलावतात. टक्क्याची मर्यादा एकटी ठेवली की लहान बिलं उगाच अडतात आणि मोठ्या बिलांवर मोठी गळती होते. १० लाखांच्या बिलावर ५ टक्के म्हणजे ५०,०००! म्हणून टक्क्याच्या जोडीला ठोक रकमेचीही मर्यादा लागते. दर आणि नग यांच्या मर्यादाही वेगळ्या ठेवता आल्या तर ठेवायच्या. दरात थोडंफार इकडेतिकडे होतं, न आलेल्या मालाचे पैसे द्यायचं मात्र काहीच कारण नाही. पुढच्या ट्रेनिंगला हाच प्रश्न विचारा: ‘किती फरकापर्यंत बिल आपोआप पास होतं, आणि ते कुणी ठरवलं?’ कचरू नका. त्या खोलीत हा प्रश्न सुचायला २७ वर्षं लागतात.

दुसरी जागा म्हणजे ज्यांना ऑर्डरच नसते अशी बिलं. वीज, दुरुस्ती, वाहतूक, अचानक बोलावलेला कारागीर. इथे ताडून बघायला दुसरा कागद नाही, म्हणून सगळी भिस्त वाचण्यावर. आणि स्कॅन वाचणाऱ्या यंत्राच्या चुका माणसाच्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात. आमचे जुने हेड अकाउंटंट ताळा जुळला नाही की कागदाच्या कडेला पेन्सिलीने फरकाला ९ ने भागून बघायचे. भाग गेला की म्हणायचे, ‘आकडे उलटे पडलेत, शोधा.’ ५,४६३ च्या जागी ५,६४३ लिहिलं की फरक १८०, म्हणजे नऊ विसे. तुम्हीही हे हजारदा केलं असेल. यंत्र आकडे उलटे टाकत नाही. ते पुसट १ ला ७ वाचतं, ८ ला ३ वाचतं. १४,२५० चे ७४,२५० होतात आणि फरक ६०,००० येतो. १८,४०० चे १३,४०० होतात, फरक ५,०००. त्या फरकांना ९ ने भाग जात नाही. त्यांची खूण वेगळी आहे: एक आकडा आणि पुढे नुसती शून्यं. असा फरक दिसला की आधी मूळ कागद काढा. दशांशचिन्ह वाचायचं राहिलं तर रक्कम शंभरपट होते, १,२४५.०० चे १,२४,५००. त्या फरकाला मात्र ९९ ने भाग जातो, म्हणजे पेन्सिलीची जुनी युक्ती तिथे अजून उपयोगी पडते.

हे फरक नेमके दिसतात ते पुरवठादाराकडून महिन्याचं खातं मागवून आपल्या खात्याशी ताडताना. ज्या विभागात बिलं आपोआप भरली जातात, तिथे हे खातं ताडणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं होतं आणि नेमकं तेच वेळ नाही म्हणून मागे पडतं. ते काम मागून घ्या.

तिसरी जागा दुबार बिलांची. एकच बिल आधी ईमेलने येतं, मग कागदावर. कुणी ‘A-1047’ टाकतं, कुणी ‘A1047’. सॉफ्टवेअर बिल नंबर तंतोतंत तपासत असेल तर त्याला ही दोन बिलं वाटतात. त्यात एकाच पुरवठादाराचे यादीत दोन कोड असले, आणि जुन्या यादीत ते असतातच, तर मग विचारायलाच नको. इथे थोडं स्प्रेडशीट कामाला येतं. बिलांची यादी बाहेर काढा. `B` मध्ये बिल नंबर आणि `C` मध्ये रक्कम असेल, तर `D` मध्ये नंबर स्वच्छ करून घ्या:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(B2),"-",""),"/","")
```

आणि शेजारच्या रकान्यात तो नंबर त्याच रकमेसह किती वेळा आलाय ते मोजा:

```
=COUNTIFS(D:D,D2,C:C,C2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की ते बिल हाताने बघायचं. यात पुरवठादाराचा कोड मी मुद्दाम घेतलेला नाही. तो घेतला तर दोन कोडांखाली लपलेलं दुबार बिल सापडणार नाही. काही वेळा दोन वेगळ्या पुरवठादारांचा नंबर आणि रक्कम योगायोगाने सारखी निघते, ती बघून सोडून द्यायची. सॉफ्टवेअर पूर्ण शिकायच्या दडपणाखाली जाण्यापेक्षा चार गोष्टी पक्क्या करा: एखादं बिल शोधणं, अडकलेल्या बिलांची यादी गाळून बघणं, एखाद्या नोंदीला कुणी कधी हात लावला त्याचा इतिहास उघडणं आणि यादी स्प्रेडशीटमध्ये बाहेर काढणं. बाकीचं वापरता वापरता येतं. त्या तरुण मुलांपैकी जो शांतपणे समजावतो त्याला रोज पंधरा मिनिटं मागा आणि बदल्यात एखादं किचकट बिल त्याला उलगडून दाखवा. त्यालाही त्याची गरज आहे, फक्त त्याला ते अजून माहीत नाही.

आता लिहून देण्याबद्दल. तुमची भीती खोटी नाही. माणसाचं सगळं लिहून घेऊन त्याला बाजूला सारल्याची उदाहरणं मीही पाहिली आहेत. तरीही मी म्हणेन, लिहून द्या. जो माणूस माहिती दाबून ठेवतो तो साहेबांच्या नजरेत अडथळा ठरतो, आणि अडथळा दूर करायला सॉफ्टवेअर हे आयतं निमित्त मिळतं. फक्त काय लिहायचं ते नीट ठरवा. ‘बिल उघडा, रक्कम भरा, सेव्ह करा’ असं लिहिलंत तर जे काम जाणारच आहे तेवढंच तुम्ही करत होता, असं स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होईल.

त्याऐवजी उद्यापासून एक वही करा. दोन आठवडे, दिवसभरात जे जे बिल अडेल त्याची एक ओळ. बिल कुठलं, कशामुळे अडलं, मी काय केलं, आणि ते करायचं हे मला कुठून कळलं. हा शेवटचा रकाना चुकवू नका, कारण बाकीचं कुणीही भरू शकेल. ‘गोदामात विचारलं’, ‘हा पुरवठादार वाहतूक खर्च दरातच धरतो’, ‘मागच्या वर्षी याच महिन्यात दर बदलला होता, ते पत्र फायलीत आहे’, ‘सही नेहमीची वाटली नाही’. दोन आठवड्यांनी त्या ओळी कारणांनुसार लावा. साधारण सहा-सात कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतील. त्यातली काही नियम म्हणून सॉफ्टवेअरमध्ये घालता येतील, ती तुम्हीच सुचवा. काही घालता येणार नाहीत, तिथे माणूस बघणार असं लिहा. साहेबांच्या हातात तुमचं ‘काम’ म्हणून हा कागद जाऊ दे, खाली तुमचं नाव आणि तारीख घालून. पुरवठादार बदलतात, दर बदलतात, म्हणून तो कागद दर महिन्याला नवा करावा लागतो. तो नवा करणारं माणूस तुम्हीच असावं, असं त्याच बैठकीत मागा.

आणखी एक गोष्ट हातात आहे, आणि तिला दोनच महिने आहेत. सॉफ्टवेअर लागू करण्याआधी त्याची चाचणी होते. तिथे दाखवायला आणलेली बिलं स्वच्छ, सरळ, छापील असतात आणि ती पास होतातच. तुमच्या कपाटात मागच्या वर्षाच्या फायली आहेत. त्यातून वीस त्रासदायक बिलं काढा: अर्धा माल आलेलं, आगाऊ रक्कम वजा करायची असलेलं, दोन ऑर्डरींचं मिळून एक, हाताने दुरुस्त केलेलं, पुसट कार्बन कॉपी, क्रेडिट नोट जोडलेलं. ती बिलं चाचणीत घालायला सांगा आणि प्रत्येकाचं काय झालं ते लिहून ठेवा. बरोबर अडलं, उगाच अडलं, की अडायला हवं होतं आणि गेलं. तिसऱ्या प्रकारची दोन बिलं निघाली तरी तुमचं म्हणणं कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. जुनी आणि नवी पद्धत काही दिवस शेजारी शेजारी चालवणार असतील, तर त्यात एक महिनाअखेर यायला हवी, असा आग्रह धरा. महिन्याच्या मधल्या आठवड्यात सगळंच छान चालतं.

पुढे काही महिन्यांनी एक वेगळा धोका येईल, तो आत्ताच सांगते. लिझॅन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की सोपं काम यंत्राला जातं आणि अवघड तेवढं माणसाकडे उरतं, पण रोजच्या सोप्या कामातूनच हात तयार राहत होता, तो आता गंजतो. जिथे फारसं काही घडतच नाही अशा पडद्याकडे कितीही तळमळीचा माणूस अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नीट लक्ष देऊ शकत नाही, हेही त्यांनी मांडलं. हिशेबालाही हे तंतोतंत लागू पडतं. पास झालेल्या दोनशे बिलांची यादी वरून खाली वाचत बसलात तर तिसाव्या ओळीनंतर डोळे नुसते फिरतात. मी स्वतः अशा यादीवर सही केली आहे आणि दुसऱ्या दिवशी त्यातच चूक सापडली आहे. त्यापेक्षा रोज पास झालेल्यांतली पाच बिलं निवडा: एक सगळ्यात मोठं, एक नव्या पुरवठादाराचं, एक ऑर्डर नसलेलं, आणि डोळे मिटून उचललेली दोन. ती मूळ कागदापासून पूर्ण हाताने तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्याने हातही तयार राहतो आणि यंत्र कुठे घसरायला लागलंय तेही लवकर कळतं.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे तुमच्यासारखं जुनं माणूस असणं विभागाला फार मोलाचं ठरतं. पुरवठादाराचा ईमेल येतो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे या खात्यावर पाठवा.’ लेटरहेड बरोबर, भाषा बरोबर, बिलाचा नंबरही बरोबर. खातं बदललं की सॉफ्टवेअर पैसे निमूटपणे नव्या खात्यावर पाठवतं. हा फसवणुकीचा नेहमीचा मार्ग आहे. इथला नियम एकच: ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, ओळखीच्या माणसाला करायचा. खातं बदलणारं एक आणि मान्यता देणारं दुसरं अशी दोन माणसं लागतात. त्यातलं एक व्हायला तयार आहे, असं आपणहून सांगा.

हे सगळं करूनही गोष्टी बिनसू शकतात, आणि ते कसं ओळखायचं ते तुम्हाला माहीत हवं. अडकलेली बिलं तुमच्याकडे न येता दुसऱ्या कार्यालयाकडे वळवायचं ठरलं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला फक्त ‘बघण्याचं’ लॉगिन मिळालं, किंवा मागूनही चाचणीत घेतलं नाही, यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका. साहेबांची वेळ घ्या आणि सरळ विचारा, ‘सॉफ्टवेअर लागू झाल्यावर माझ्या टेबलावर कुठलं काम असेल?’ उत्तर गोलमाल आलं तर ते उत्तरच समजा, आणि शेजारच्या कामांसाठी त्याच महिन्यात अर्ज करा: पुरवठादारांची खाती ताडणं, पेमेंटची पडताळणी, अंतर्गत लेखापरीक्षणातली मदत. या तिन्ही ठिकाणी कागद बघून शंका येणारं माणूस लागतं. तिकडे जाताना वही सोबत न्या.

झोपेचं म्हणाल तर रात्री जे बिल डोक्यात फिरतं ते त्या वहीत लिहून मगच दिवा मालवा. सकाळी आधी ते उघडा. ट्रेनिंगचा पुढचा तास आला की पहिल्या रांगेत बसा आणि फरकाच्या मर्यादेचा प्रश्न विचारा.